अम्ब्रिजबाईंचे वकील

आमच्या वाचनगटात मंत्रालयकाका आहेत. डोंबिवलीहून मंत्रालय आणि मंत्रालयातून डोंबिवली असा जन्म काढून ते कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. काका कादंबरी वाचत नाहीत, तपासतात. त्यांच्या पुस्तकाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असतात आणि समासात पेन्सिलीने ‘मान्य’, ‘पुरावा?’, ‘कृपया चर्चा करावी’ असे शेरे. गटाचं इतिवृत्तही तेच लिहितात. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण काढून घ्यायची हिंमतही कुणात नाही.

नातीच्या नादाने त्यांनी हॅरी पॉटरचे सातही भाग संपवले, आणि मालिकेतलं सर्वांत चांगलं लिहिलेलं पात्र कोणतं, हा विषय निघाला त्या दिवशी ते फाईल घेऊनच आले. अपेक्षेप्रमाणे तिघांनी स्नेपचं नाव घेतलं आणि एका काकूंचा गळा दाटून आला. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि उभे राहून म्हणाले, “डोलोरेस जेन अम्ब्रिज.”

खोलीत एकदम कल्लोळ झाला. “ती गुलाबी बेडकीण?” “भिंतीवर मांजरांच्या बशा लावणारी?” कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “काका, मला व्होल्डेमॉर्ट परवडला, पण ती बाई नको.”

“बरोबर,” काका म्हणाले. “हा माझ्या बाजूचा पहिला पुरावा. नोंद घ्या.” आणि नोंद त्यांनी स्वतःच घेतली.

“व्होल्डेमॉर्टला लेखिकेने काय काय दिलंय बघा. अनाथाश्रम दिला, साप दिला, आत्म्याचे तुकडे दिले. इतकं सामान दिल्यावर कुणीही खलनायक होईल. या बाईला काय दिलं? एक कार्डिगन, एक क्लिपबोर्ड आणि बोलण्याआधीचा बारीकसा खाकरा. पाचव्या भागात तिच्या हातून एकही खून पडत नाही. तरी तुम्ही सगळे तिच्यावर जास्त चिडलात. का? कारण ती नियम मोडत नाही. आधी नियम बदलून घेते, मग तो पाळते.”

इथे त्यांनी फाईलची फीत सोडली. शैक्षणिक फर्मानांना काका ‘जीआर’ म्हणतात.

“क्रमांक 22. मुख्याध्यापकाला शिक्षक मिळाला नाही, तर मंत्रालय नेमेल. त्यावर बाई शाळेत शिरली. क्रमांक 23, बाई महानिरीक्षक. आता गंमत बघा. पोरांनी गावातल्या दारूच्या दुकानात चोरून सभा घेतली. लगेच क्रमांक 24, सगळ्या संघटना आणि संघ बरखास्त, पुन्हा सुरू करायचे तर बाईंची परवानगी घ्या. त्यात क्विडिचचे संघही आले. स्लिदरिनला परवानगी तात्काळ. ग्रिफिंडोरचा अर्ज?” काकांनी आमच्याकडे पाहिलं. “नाकारला नाही. विचाराधीन ठेवला.”

‘विचाराधीन’ हा शब्द त्यांनी एखाद्या गवयाने समेवर यावं तसा उच्चारला.

“नाकारलं की माणूस भांडतो, अपिलात जातो. विचाराधीन ठेवलं की रोज येऊन नमस्कार करतो. ही लेखिका कुठल्या खात्यात होती, मला कळायला हवं! पुढे मॅकगोनागलबाई थेट डंबलडोरकडे गेल्या आणि परवानगी आली. अम्ब्रिजबाई गप्प. मॅचनंतर मारामारी झाली, मॅकगोनागलने शिक्षा द्यायला घेतली, तेव्हा हिने खाकरून कागद काढला. क्रमांक 25, शिक्षेचा अंतिम अधिकार महानिरीक्षकांचा. हॅरी आणि दोन्ही जुळ्यांवर आजन्म खेळबंदी. जुळ्यांपैकी एकाने तर हातही उचलला नव्हता, त्याला बाकीच्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणजे जखम झाली त्याच जागी नवा जीआर. हा क्रम एकदाही चुकलेला नाही, मी तपासलाय.”

“आणि 1 ते 21?” मी उगीच विचारलं.

“ते पुस्तकात कुठे दिसत नाहीत. दिसूही नयेत. फाईल उघडतो तेव्हा तिची पहिली पानं कुणी पाहिलेली असतात का?”

कॉलेजची मुलगी मात्र हटेना. म्हणाली, बाई हुशार होती तर ट्रेलॉनीच्या वेळी तोंडावर का पडली? हा प्रश्न काकांना इतका आवडला की त्यांनी पाणी मागवलं.

तो प्रसंग त्यांनी कोर्टातल्यासारखा मांडला. बाईंनी तपासणी केली, वर्गातच आपलं भविष्य सांगायला लावलं. शेवटी ट्रेलॉनीला सगळ्यांसमोर, ट्रंकेसकट, काढून टाकलं. तेव्हा डंबलडोरने ना जादू केली, ना आवाज चढवला. शिक्षकाला नोकरीवरून काढायचा अधिकार तुमचा, पण वाड्यातून घालवायचा अधिकार अजून मुख्याध्यापकाचा, एवढंच सांगितलं. नवा शिक्षक मंत्रालय नेमील म्हणावं, तर 22 क्रमांक फक्त शिक्षक न मिळाल्यास लागू होतो, आणि त्याने तर अर्धा घोडा असलेला शिक्षक दारात उभा केलेला.

“कलमाला कलमानेच मारलं,” काका म्हणाले. “सगळ्या शाळेत तिच्या तोडीचा वाचक तो एकच. म्हणून त्याला घालवेपर्यंत ती स्वस्थ बसली नाही.”

मग ते त्या काळ्या लेखणीवर आले, आणि त्यांचा आवाज उतरला. हॅरीला खोटं न बोलण्याचं वाक्य लिहायला बसवते, शाई देत नाही, अक्षरं त्याच्याच हातावर उमटतात आणि कागदावर रक्ताने. “इथे लेखिका बाईंना हसवतही नाही नि ओरडूही देत नाही. बाई टेबलाशी आपलं काम करत बसते. शिक्षा म्हणजे काय, तर ओळी लिहिणे. नोंदवहीत तेवढंच येणार. त्या मुलाने तक्रार केली असती, तर ती गेली असती कुणाकडे?”

कुणीच काही बोललं नाही. काकूंनी हळूच विचारलं, “काका, तुम्हाला ती बाई आवडते का हो?”

“छे! असल्या दोन बाया आणि चार पुरुष माझ्या साहेबांच्या जागी येऊन गेलेत. मी फक्त म्हणतो, लिहिली अचूक आहे. एकच त्रुटी आहे. शेवटी ती निषिद्ध शापाची भाषा करते, आणि त्या मुलावर डिमेंटर मीच सोडले होते, हे कबूलही करते. इतकी मुरलेली बाई तोंडी कबुली देणार नाही. कुणी हाताखालचा सापडला असता. सिनेमात इमेल्डा स्टॉन्टनने हे सावरलंय, शाप द्यायच्या आधी ती मंत्रीसाहेबांचा फोटो पालथा घालते. त्याला म्हणतात अनुभव.”

“आणि जंगलात?”

“जंगलात सेंटॉर तिला उचलून नेतात, कारण तिथे मंत्रालयाचं पत्र कुणी वाचत नाही. सातव्या भागात मात्र ती पुन्हा खुर्चीत आहे. सरकार बदललं, मंत्री बदलले, व्होल्डेमॉर्टची माणसं आली, आणि बाई मगल घराण्यातल्यांची नोंदणी करतेय. निलंबन नाही की चौकशी नाही. हे बाकी खरं लिहिलंय.”

यावर मतदान झालं. स्नेपला सात मतं, अम्ब्रिजला दोन, काकांचं आणि त्या कॉलेजच्या मुलीचं. काकांनी शांतपणे इतिवृत्त लिहिलं. ते परवा आम्हाला मिळालं. त्यात म्हटलंय की सविस्तर चर्चा झाली, श्रीमती अम्ब्रिज यांच्या बाजूने भक्कम मुद्दे मांडण्यात आले आणि निर्णय विचाराधीन ठेवण्यात आला. खाली टीप आहे, हरकती सात दिवसांत लेखी द्याव्यात.

अजून कुणी दिलेली नाही.