हिशेबाला अख्खा इनबॉक्स कशाला?

खर्चाचं ॲप उघडलं, की पहिल्या मिनिटालाच ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ‘तुम्हाला काही लिहावं लागणार नाही, बँकेच्या मेसेजवरून आम्हीच हिशेब मांडू.’ हे आमिष तपासून पाहा.

अँड्रॉइडमध्ये ‘फक्त बँकेचे मेसेज’ अशी परवानगी नसते. एकदा ‘हो’ म्हटलं की सगळा इनबॉक्स उघडा होतो. त्यात ओटीपी आले, पॅथॉलॉजी लॅबचा निरोप आला, कर्जाच्या थकलेल्या हप्त्याचा तगादाही आला. आपण फक्त बँकेचेच मेसेज वाचतो, हा ॲपचा शब्द असतो. फोन त्याला तसं बांधून ठेवत नाही. आयफोनवर ॲपला एसएमएस वाचताच येत नाहीत, तरी तिथेही खर्चाची ॲप चालतात. मग ही परवानगी अटळ कशी?

एवढं देऊन हिशेब तरी नेमका मिळतो का? क्रेडिट कार्डावर ३,२०० रुपयांचा किराणा भरला, त्याच महिन्यात कार्डाचं ३,२०० चं बिल चुकवलं, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात १०,००० वळवले आणि एटीएममधून ५,००० काढले. चार मेसेज जसेच्या तसे जोडले तर खर्च दिसतो २१,४०० रुपये. प्रत्यक्षात तो फार तर ८,२००. त्यातले रोख ५,००० भाजीत गेले की रिक्षात, हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं. चांगली ॲप यातल्या काही नोंदी ओळखतात, पण रोखीपुढे तीही आंधळीच. वही मात्र इथेच कामाची, कारण ‘भाजी १८०’ हे तुम्ही स्वतः लिहिता.

माझं मत स्पष्ट आहे. घरात रोखीचा व्यवहार जास्त असेल तर वही घ्या. बेरजा आणि महिन्यांची तुलना आयती हवी असेल तर ॲप घ्या, पण आकडे हाताने भरता येतील असं. एसएमएसला नकार दिल्यावर जे पुढे सरकतच नाही, ते काढून टाका. नोटिफिकेशन वाचण्याची परवानगीही तितकीच जपून द्या, ओटीपी तिथेही झळकतात. ॲक्सेसिबिलिटी तर मुळीच नको. तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. खर्चाच्या ॲपला संपर्कयादीचं काय काम? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपनाही तिला हात लावायला मनाई केली.

परवानगी आधीच दिली असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढा. पण त्याने पुढचं वाचन थांबतं, सर्व्हरवर गेलेलं परत येत नाही. म्हणून आधी ॲपमधूनच खातं आणि माहिती पुसण्याची विनंती करा, तिची पोच घ्या आणि मगच ॲप काढा. नुसतं ॲप उडवलं तर खातं तिकडे तसंच राहतं.