पाच दिवसांचे चहावाले

जत्रेत चहाचं दुकान टाकणारी माणसं दोन जातीची. पहिली वर्षभर चहाच करतात. ती येतात, जागा बघतात, पातेलं चढवतात, आणि कोणी हिशेब विचारलाच तर "सुटतंय की" एवढं बोलून दुसरं पातेलं चढवतात. दुसरी जात आमच्या तात्यांची. ही माणसं तीनशे साठ दिवस दुसरंच काहीतरी करतात आणि उरलेल्या पाच दिवसांत चहावाले होतात. कोणी शिंपी असतो, कोणी पोस्टातून निवृत्त झालेला, कोणी मास्तर. तात्या पतसंस्थेत कारकून होते. दुसऱ्याच्या ठेवीवरचं व्याज पैशापर्यंत बरोबर काढण्यात त्यांची हयात गेली. स्वतःच्या पैशाचा हिशेब मात्र ते पाकिटाच्या पाठीमागे करतात.

साताऱ्याकडच्या पुसेगावला डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. भाविक रथाला नोटा वाहतात, सगळा रथ नोटांनी झाकून जातो. तो रथ एकदा डोळ्यांनी पाहिला की तात्यांसारख्या माणसाला भक्ती आणि भांडवल यांतला फरक कळेनासा होतो. शिवाय जनावरांचा मोठा बाजार असतो. पहाटेच्या थंडीत बैलांजवळ मुंडासं गुंडाळून उभा असलेला शेतकरी काय मागणार? चहाच मागणार. इथवर तात्यांचं काही चुकलं नव्हतं.

पुढे त्यांनी पाकीट उलटं केलं. पाच दिवसांच्या जागेचं भाडं ९,००० रुपये, चहा १० रुपयांना. "नऊशे कप! नऊशे कप गेले की भाडं निघालं, पुढचा सगळा नफा." हे वाक्य या जातीचा प्रत्येक माणूस एकदा तरी बोलतो, आणि बोलताना त्याचा उजवा हात मांडीवर पडतो.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अहो, दूध काय देवस्थान देणार आहे?"

या प्रश्नावर सगळं अर्थशास्त्र उभं आहे. कपाचे दहा रुपये गल्ल्यात पडतात, पण ते दहाच्या दहा आपले नसतात. काकूंनी घरच्या मोठ्या पातेल्याचं माप सांगितलं. तीन लिटर दूध, दोन लिटर पाणी, सहाशे ग्रॅम साखर, सव्वाशे-दीडशे ग्रॅम पावडर, वर आलं-वेलची. थोडं पाणी आटतं, थोडं चोथा पितो, आणि गाळल्यावर पंचाहत्तर मिलीलिटरचे साठ कप भरतात. दूध १८०, साखर २७, पावडर ५२, आलं-वेलची १६, गॅस २५. पातेलं पडलं बरोबर ३०० रुपयांना, म्हणजे कपाला पाच. वर कागदी कपाचे पन्नास पैसे. तेव्हा दहातले साडेपाच रुपये दूधवाल्याचे, वाण्याचे, गॅसवाल्याचे. तात्यांचे साडेचार.

आता नऊ हजाराला दहानं नाही, साडेचारानं भागायचं. उत्तर आलं २,०००. नऊशेचे दोन हजार झाले तेव्हा तात्यांचा मांडीवरचा हात हळूच उचलला गेला.

पण ही जात खचत नाही. "पाच दिवसांत दोन हजार, म्हणजे दिवसाला चारशे. अगं, एवढे तर आपल्या कॉलनीतले लोक फुकट पितात!" या वाक्यातला 'फुकट' पुढे महागात पडणार होता, पण तो विषय नंतर.

काकूंनी आणखी चार प्रश्न विचारले. मांडव, टेबलं, ताडपत्री कुणाची? भाड्यानं, २,०००. दिव्याचं? एक हजार. टेंपो जाऊन-येऊन? एक हजार. आणि गाळायला, कप द्यायला, भांडी घासायला कोण? तात्या स्वतःच्या छातीकडे बोट नेणार होते. काकूंनी नुसतं बघितलं. दोन पोरं ठरली, पाचशे रुपये रोजावर, पाच दिवसांचे ५,०००. अशी भाड्यासकट बेरीज गेली १८,००० वर. गिऱ्हाईक येवो न येवो, हे अठरा हजार द्यायचेच. भागिले साडेचार, चार हजार कप. दिवसाला आठशे.

इथे शहाणा माणूस पाकीट फाडून टाकतो. तात्यांनी नवं पाकीट घेतलं. या जातीचं खरं रूप इथेच दिसतं. आकडा वाढला की ते धंदा सोडत नाहीत, आकडा कमी करण्याच्या युक्त्या काढतात. पहिली युक्ती, चहा बारा रुपयांना. मग कपामागे साडेसहा सुटतात आणि २,७७० कपांत काम भागतं. पण शेजारी दहाला मिळत असताना बारा देणारा माणूस फक्त तात्यांच्या पाकिटावरच राहतो. दुसरी युक्ती, कप लहान. साठ मिलीलिटरचा केला तर त्याच पातेल्यातून पंचाहत्तर कप निघतात, कप साडेचाराला पडतो, साडेपाच सुटतात आणि ३,२७३ कपांवर खर्च निघतो. ही युक्ती खरी आहे, जत्रेतले पट्टीचे चहावाले तीच वापरतात. भाव वाढला की लोक भांडतात, कप घटला तर फार तर "हे काय औषध आहे का" म्हणतात आणि पितात. पण काकूंनी ठामपणे नाही सांगितलं. थंडीत बैलापाशी उभ्या माणसाला घोटभर चहा देऊन परत पाठवायचं त्यांना पटलं नाही. तिसरी युक्ती, पाणी वाढवायचं. ती तात्यांनी बोलूनही दाखवली नाही, कारण चहा काकू करणार होत्या.

पहिल्या दिवशी गेले ३१० कप. आठशेच्या हिशेबानं तात्या ४९० नं मागे. रात्री ते गल्ल्यावर असे बसले होते की शेजारच्या भेळवाल्यानं घरी सगळे ठीक ना म्हणून विचारलं. सरासरीचा हा घोटाळा आहे. अठरा हजार पाच दिवसांवर सारखे वाटता येतात, गर्दी येत नाही. पहिले दोन दिवस मांडवांचे खांब ठोकण्यात जातात आणि रथाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. तात्यांचा चौथा दिवस एकटा १,५६० कपांचा गेला. त्या दिवशी अडचण गिऱ्हाइकांची नव्हती, शेगड्यांची होती. साठ कपांच्या पातेल्याला चढवण्यापासून गाळेपर्यंत अर्धा तास लागतो. एका शेगडीवर तासाला एकशेवीस कप, दोनवर दोनशेचाळीस. पहाटे आणि संध्याकाळी माणसं झुंबडीनं येतात तेव्हा पाचवा माणूस थांबतो, पंधरावा थांबत नाही. तो शेजारी जातो. म्हणून दुसरी शेगडी भाड्याच्या यादीत आधीच धरायची असते, हे तात्यांना काकूंनी आधीच सांगितलं होतं आणि म्हणून ती होती.

बाजारातलं गिऱ्हाईक वेगळंच. तिथे दलाल रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव करतात, आणि सौदा तुटो की जमो, चहा होतोच. सौद्याचा चहा एकटा नसतो. विकणारा, घेणारा, दोन्हीकडचे भाऊबंद आणि फुकट सल्ला देणारे मिळून आठ-दहा कप. तात्यांनी एका पोराला किटली देऊन बैलांकडे पाठवलं, ही त्यांची पाच दिवसांतली एकमेव स्वतंत्र कल्पना, आणि ती उत्तम होती.

पण तात्या म्हणजे माणुसकीचं दुकान. ओळखीचा दिसला की "अरे, पैसे कसले!" पतसंस्थेतले जुने सहकारी आले, त्यांचे व्याही आले, बंदोबस्तावरच्या हवालदारांना आग्रह झाला. तात्यांच्या मनात फुकट चहाची किंमत शून्य. प्रत्यक्षात ती साडेपाच रुपये, आणि ते भरून काढायला सव्वा कप विकावा लागतो. पाच फुकटे आले की सहा गिऱ्हाइकं नुसती त्यांच्यासाठी राबतात. एकदा काकू जरा पाठ टेकायला गेल्या आणि तात्यांनी पातेलं हाती घेतलं. आलं आधी पाण्यात उकळायचं असतं. यांनी कच्चं आलं कोमट दुधात किसलं आणि वर "वास बघा" म्हणाले. कच्च्या आल्याच्या रसानं दूध फाटतं. पातेल्याच्या कडेला आधी बारीक कणी दिसली, मग पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. ३०० रुपये गटारात, म्हणजे सदुसष्ट कपांची कमाई.

पाचव्या दिवशी दुपारी चार हजारावा कप गेला. तात्यांनी तो मोजून दिला, टाळी वाजवली आणि आनंदाच्या भरात आजूबाजूच्या दुकानदारांना बारा कप पाठवले. फुकट.

काकू कागदी कपांचे पुडे मोजत होत्या. चहाचा हिशेब चहावरून कधीच लागत नाही, कपांवरून लागतो. पन्नासाचा पुडा, किती फुटले ते बघायचं, गल्ल्याशी ताडायचं, जो फरक येईल तो माणुसकीचा. त्यांनी सांगितलं, "सुटलं नाही अजून. नासलेलं पातेलं आणि तुमचे पाहुणे धरले तर आणखी दोनशेचौदा लागतात."

रात्री मांडव सुटला तेव्हा अठ्ठ्याऐंशी पुडे संपले होते आणि एकोणनव्वदाव्यातले तीस कप गेले होते. ४,४३० कप. त्यातले पैसे आलेले ४,३१०, फुकट १२०. साडेचारानं १९,३९५ रुपये सुटले. त्यातून अठरा हजार गेले, फुकट चहाचे ६६० गेले, नासलेले ३०० गेले. उरले ४३५ रुपये. दोन माणसांच्या पाच दिवसांचे, पहाटे चारला उठून. पोरांना पाचशे रोज मिळाला, मालकाला दिवसाला सत्त्याऐंशी.

गावात परतल्यावर पारावर कोणी तरी विचारलं, "काय तात्या, कशी झाली जत्रा?"

"त्रेचाळीस हजार!" तात्या म्हणाले, आणि हात मांडीवर पडला. यात खोटं काहीच नव्हतं. ४,३१० गुणिले दहा, ४३,१०० रुपये गल्ल्यात खरोखरच आले होते. ही जात बाहेर नेहमी गल्ला सांगते, नफा फक्त घरात, आणि तोही विचारल्यावर. तात्यांची रक्कम ऐकून पारावरच्या दोघांनी लगेच खिशातली पाकिटं उलटी केली. त्यांचं काय होणार ते मी सांगू शकतो, पण त्यांनी मला विचारलेलं नाही.

तात्यांनी पुढच्या वर्षाची जागा आगाऊ पैसे भरून धरली आहे. भाडं ११,०००. बाकी खर्च तेवढाच राहिला, दूध महागलं नाही आणि पाहुणे आले नाहीत, तर ४,४४५ कप लागतील.