पीएफए सर

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पीएफए सर म्हणतात. त्यांच्या प्रत्येक मेलमध्ये ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ असतंच. वाढदिवसाच्या शुभेच्छांतही एकदा होतं, आणि तेव्हा अटॅच काहीच नव्हतं.

कारखान्यांच्या छपरांवर सोलर बसवणं हा आमचा धंदा. सर प्रपोजल पाठवतात. डेक बनवायला ते दोन दिवस घेतात आणि सोबतच्या मेलला दोन मिनिटं. ती दोन मिनिटंही बहुतेक ‘रिस्पेक्टेड सर’ की ‘डिअर सर’ यातच जातात.

मागे चाकणच्या एका कारखान्याला शंभर किलोवॅटचं प्रपोजल गेलं. मेलचा विषय होता ‘प्रपोजल’. पहिल्या परिच्छेदात भेटीबद्दल आभार, दुसऱ्यात कंपनीचा इतिहास, तिसऱ्यात सूर्याचा. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. आता नीडफुल म्हणजे नेमकं काय, हे समोरच्याने चौतीस स्लाइडी उपसून शोधायचं. फाइलचं नाव Proposal_Final_v4_Revised_FINAL.pptx. पहिल्या स्लाइडवर सूर्योदयाचा फोटो असल्यामुळे फाइलचं वजन पंचवीस एमबीच्या वर गेलं. जीमेल तेवढं वजन उचलत नाही, त्याने अटॅचमेंटच्या जागी मुकाट्याने ड्राइव्हची लिंक टाकली. कारखान्याच्या प्लांट हेडनी ती उघडायला परवानगी मागितली. ती विनंती सरांच्या इनबॉक्सात आली, आणि तेव्हा सर दुसऱ्या छपरावर फीत धरून उभे होते.

परवानगी मिळाल्यावर उत्तर आलं, ‘नोटेड.’

सर खूश. ‘पॉझिटिव्ह आहेत ते,’ म्हणाले. आठवड्याने त्यांनी ‘जेंटल रिमाइंडर’ धाडला, मग नुसता ‘रिमाइंडर’, मग ‘एनी अपडेट ऑन द बिलो?’ ‘बिलो’मध्ये सूर्याचा इतिहासच होता.

खरं म्हणजे प्लांट हेड टाळत नव्हते. निर्णय त्यांच्या हातात नव्हताच. त्यांनी मेल मालकांना फॉरवर्ड केला होता. मालक तो गाडीत बसून, फोनवर वाचणार. फोनच्या पहिल्या पडद्यावर मावेल तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचणार, आणि तिथे तर आभारप्रदर्शन चाललं होतं. मेल ज्याला लिहिला त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे तो पुढे जाणार त्याच्यासाठी लिहावा, हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते आमच्या नव्या ट्रेनी मुलीने. म्हणजे सांगितलं नाही, सर रजेवर असताना लिहूनच टाकलं. विषय: ‘छतावरील सोलर, 100 किलोवॅट: दोनपैकी एक पर्याय 20 तारखेपर्यंत निवडावा’. खाली मजकूर असा:

‘निर्णय एकच हवा आहे. संच तुम्ही स्वतः विकत घेणार, की तो आमच्या मालकीचा ठेवून तुम्ही युनिटच्या दराने फक्त वीज घेणार? दोन्हींची तुलना स्लाइड 7 वर आहे. आमची शिफारस पहिल्या पर्यायाची. सुरुवातीला पैसे जास्त गुंततात, पण संच तुमच्या मालकीचा असल्याने घसाऱ्याची करसवलत तुम्हाला मिळते. दुसऱ्या पर्यायात ती आमच्याकडे राहते. 20 तारखेनंतर पॅनेलचा भाव पुरवठादाराकडून पुन्हा घ्यावा लागेल, तेव्हा किंमत बदलू शकते. दिलेल्या किमतीत जीएसटी धरलेला नाही. सोबत दोन फाइली: सादरीकरण (पीडीएफ) आणि किमतीचा तक्ता (एक्सेल). तक्ता फक्त अकाउंट्ससाठी, तुम्ही उघडला नाहीत तरी चालेल.’

रजेवरून आल्यावर सरांनी तो वाचला आणि चष्मा काढला. ‘अगं, हा मेल आहे की नोटीस? तारीख घालायची क्लायंटला? आणि फाइल उघडू नका म्हणून सांगतेस?’ शिफारस तर त्यांना फारच बोचली. त्यांच्या मते आपण दोन्ही पर्याय सारखेच सुंदर दाखवावेत. क्लायंटने काहीही निवडलं तरी आपण ‘एक्सलंट चॉइस, सर’ म्हणायला मोकळे. या धोरणामुळेच तर क्लायंट काहीच निवडत नाहीत, हे मी मनात म्हटलं. उघड बोललो असतो तर अप्रेझल सरांच्याच हातात होतं.

मालकांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. ‘पर्याय 1. पण पत्रे जुने आहेत. छत एवढा भार घेईल याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला कुणी आणायचा, आणि त्याचे पैसे कुणाचे?’

मुलगी कानकोंडी झाली. किमतीत काय धरलं नाही याच्या यादीत जीएसटीच्या शेजारी हेही लिहायला हवं होतं. नेमक्या याच खर्चावरून पुढे भांडणं होतात.

सरांचा चेहरा मात्र उजळला. ‘स्लाइड 31 वर आहे की! तळाला, बारीक अक्षरात,’ म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि टाइप करायला घेतलं: ‘रिस्पेक्टेड सर, ॲट द आउटसेट, वुई थँक यू…’