आलोचराव

कुंभकोणमला मराठी घरं अजून आहेत. तंजावरला एकोजीराजांचं राज्य आलं, त्यांच्या मागोमाग जी माणसं कावेरीकाठी उतरली, त्यांची ही घरं. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षं तमिळच्या शेजारात मुरलेली असल्यामुळे पुण्याच्या पाहुण्याला ती अर्धी कळते आणि उरलेल्या अर्धीकडे बघून तो हसतो. अशाच एका घरात आमचे आलोचराव राहतात. खरं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तरी उत्तर एकच येतं, “आलोच!” आणि ते उत्तर आल्यावर माणूस दिसायला निदान पंधरा मिनिटं लागतात.

आलोचराव आळशी नाहीत, हे आधी सांगायला हवं. पहाटे पाचला उठून अभ्यास करणारा मुलगा आहे. त्यांची अडचण एवढीच, की पोचायची वेळ आणि निघायची वेळ त्यांना एकच वाटते. दहाला पोचायचं म्हणजे दहाला चपला शोधायच्या. लग्नात ते मंगलाष्टकं संपताना अक्षता घेऊन येतात आणि रेल्वे स्टेशनवर गाडीने फलाट सोडताना. पण लग्नात जेवण मिळतं आणि पुढची गाडीही असते, त्यामुळे या पद्धतीत सुधारणा करायचं त्यांना कधी कारण पडलं नाही.

ते कारण 12 जुलै 2025 रोजी पडलं. त्या दिवशी तमिळनाडू लोकसेवा आयोगाची ग्रुप फोरची परीक्षा होती. गावचा ग्रामप्रशासन अधिकारी, कनिष्ठ साहाय्यक, टायपिस्ट अशा पदांची ही परीक्षा. जाहिरातीत जागा 3,935 आणि अर्ज तेरा लाखांवर. प्रश्न दोनशे, गुण तीनशे, वेळ साडेनऊ ते साडेबारा. त्यातले शंभर प्रश्न तमिळचे. त्यात चाळीस टक्के मिळाले नाहीत, तर बाकीची उत्तरं कोणी मोजतसुद्धा नाही. रायरांच्या पोराने वर्षभर तमिळ व्याकरण घोकलं होतं. घराचं लक्षही त्याच्यावर होतं, कारण याच गावात 1828 साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, हे आजी रोज सांगते. तीन संस्थानं राहू देत, निदान एका गावचा कारभार तरी नातवाकडे यावा, एवढीच तिची मागणी.

परीक्षेचा वार शनिवार. आजीने आदल्या रात्रीच बजावलं, “नऊच्या आत पाऊल आत टाक. शनिवारी नऊला राहुकाळ लागतो, साडेदहापर्यंत.” आलोचरावांनी मान डोलावली. त्यांच्या हॉल तिकिटावरही हेच लिहिलेलं होतं, म्हणजे राहूचं नाव सोडून. साडेआठला केंद्रावर हजर व्हा, नऊपर्यंत सवलत, नऊनंतर प्रवेश नाही. आजी आणि आयोग यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. पण आलोचरावांनी ते वाचलं नव्हतं. त्यांनी हॉल तिकिटावरच्या दोनच गोष्टी वाचल्या होत्या, स्वतःचा फोटो किती वाईट आलाय आणि परीक्षा साडेनऊला आहे. सूचनांचा मजकूर बारीक अक्षरात असतो आणि बारीक अक्षरात लिहिलेलं आपल्यासाठी नसतं, अशी त्यांची समजूत.

केंद्र गावातच, घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. खरा घोटाळा तिथेच झाला. स्वामीमलै, दारासुरम, पट्टीश्वरमकडची मुलं पहिल्या बसने येऊन साडेसातलाच फाटकासमोर बसली होती. दूरच्या माणसाला बसची भीती असते, जवळच्याला कसलीच नसते. आलोचरावांनी साडेआठला पितळी डवऱ्यातली दुसरी डिग्री कॉफी घेतली, कारण पहिली घाईत प्यायली होती. आठ सदतिसला स्कूटर निघाली आणि कोपऱ्यावर थांबली, कारण हॉल तिकीट फोनमध्येच होतं आणि फोन आत नेता येत नाही, एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. प्रिंट काढायच्या दुकानात त्यांच्यासारखेच सातजण उभे होते. आठ एकोणपन्नासला प्रिंट हातात पडली. आठ त्रेपन्नला ते शाळेच्या फाटकावर पोचले.

वेळेत पोचले की! फक्त शाळा दुसरी होती. एकाच संस्थेची मुलांची शाळा एका रस्त्यावर आणि मुलींची दुसऱ्या. नाव एक, पाटी सारखी. हॉल तिकिटावर केंद्राचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव दोन्ही होतं, पण तेही बारीक अक्षरात. तिथून बाजारातल्या एकेरी रस्त्यांना वळसा घालत, देवळाकडे निघालेल्या गर्दीतून हॉर्न वाजवत ते योग्य फाटकावर आले, तेव्हा घड्याळात नऊ वाजून तीन मिनिटं झाली होती आणि फाटकाला आतून कडी होती.

“टाइम आच्चु, तंबी,” आतला पोलीस म्हणाला. वेळ झाली, बाळा. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. रागावलेल्या माणसाला विनवता येतं.

आलोचरावांनी वाद घालायला सुरुवात केली. पहिला मुद्दा, तीनच मिनिटं झालीत. दुसरा, स्कूटर आठ त्रेपन्नला याच संस्थेच्या आवारात होती, तेव्हा तत्त्वतः आपण हजर आहोत. तिसरा मुद्दा त्यांना स्वतःला बिनतोड वाटत होता. पेपर साडेनऊला, आता वाजलेत नऊ तीन, म्हणजे मी उशिरा आलेलो नसून सत्तावीस मिनिटं लवकर आलोय!

या तिसऱ्या मुद्द्यावर आतून एक गृहस्थ पुढे आले. ते केंद्राचे मुख्य पर्यवेक्षक, एरवी शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. फाटक न उघडता, पण शांतपणे त्यांनी समजावलं. प्रत्येक उमेदवाराची उत्तरपत्रिका वेगळी असते. तिच्यावर त्याचा फोटो आणि नोंदणी क्रमांक आधीच छापलेला असतो. फाटक बंद झालं, की प्रत्येक खोलीत एकेका क्रमांकासमोर ज्याची त्याची पत्रिका ठेवायची, चेहरा आणि फोटो ताडून बघायचा, सही घ्यायची आणि जो नाही त्याला गैरहजर लावायचं. प्रश्नपुस्तिकांचं सीलबंद पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं, त्यावर उमेदवारांच्याच सह्या घ्यायच्या. हे सगळं साडेनऊच्या आत. मध्येच एकेक जण येत राहिला, तर दर वेळी मोजणी पहिल्यापासून. “तुम्ही समजता तो अर्धा तास रिकामा नाही. आमची परीक्षा नऊला सुरू होते, तुमची साडेनऊला.”

क्रमांकांचा हा जुळवाजुळवीचा सोस कशासाठी, हे आयोगाला अनुभवाने कळलं होतं. 25 फेब्रुवारी 2023 ला ग्रुप टूच्या मुख्य परीक्षेत क्रमांकांचा क्रम काही ठिकाणी बिघडला, उत्तरपुस्तिका वाटायला उशीर झाला आणि पेपर उशिरा सुरू झाला. तेव्हा उमेदवारांना वेळ वाढवून दिला होता. आलोचरावांना हे ठाऊक होतं. “तुम्हाला उशीर झाला तर वेळ वाढतो, आम्हाला झाला तर कडी?” त्यांनी विचारलं. सर पहिल्यांदाच हसले. “आमचा उशीर सगळ्यांना सारखा होता. तुमचा उशीर फक्त तुमचा आहे.” मग त्यांनी वर बोट केलं. फाटकाचं चित्रीकरण चालू होतं. “आणि हा कॅमेरा. तुम्हाला आत घेतलं, तर नऊ तीनला फाटक कोणी उघडलं, हे मला लिहून द्यावं लागेल.”

सर आत गेले. बाहेर राहिले आलोचराव आणि आणखी चौघे. उशिरा आलेल्यांची ओळख लवकर होते. समोरच्या टपरीवर चहा सांगितला गेला आणि फाटकांचं तौलनिक अध्ययन सुरू झालं. एकाची बहीण ‘नीट’ला बसलेली. तिथे पेपर दोनला आणि फाटक दीडला बंद. वर हलक्या कापडाचे अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात बूट नाही. दुसऱ्याने केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा दिली होती. तिथेही अर्धा तास आधी प्रवेश बंद, पूर्वी दहा मिनिटं आधी होता.

आलोचरावांनी पुण्याच्या आत्याला फोन लावला. नियमात महाराष्ट्र तरी मऊ असेल, अशी त्यांना आशा. आत्याने शाळेत पस्तीस वर्षं काढलेली. ती म्हणाली, “आमच्याकडे दहावी-बारावीला प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाटायचे, वाचायला. मग कोणीतरी बाहेरून उशिरा आत येणार आणि त्याच्या मोबाइलवर पेपर आधीच आलेला असणार. 2023 पासून ती दहा मिनिटं काढली आणि पेपर संपताना जोडली. आता अकराच्या पेपरला साडेदहाला वर्गात बसायचं. बाळा, फाटक तुझ्यासाठी लावत नाहीत. पेपर पाहिलेला आणि न पाहिलेला भेटू नयेत, म्हणून लावतात.”

हे ऐकून आलोचरावांना नियमाची दुसरी बाजू कळली. आत गेलेल्यांनाही पाऊण वाजेपर्यंत बाहेर पडता येत नव्हतं. साडेबाराला पेपर संपला तरी पंधरा मिनिटं बसून आपण अ किती, ब किती, क किती गोळे रंगवले, हे मोजून लिहायचं असतं. उत्तर येत नसेल, तर तसं सांगणारा पाचवा गोळाही असतो, तोही मोजायचा. “म्हणजे वेळेवर आलेलेच कोंडलेले आहेत,” आलोचराव म्हणाले आणि दुसरा चहा सांगितला.

घरी आजीने सगळं ऐकून घेतलं. राहुकाळात अडकल्यावर काय करायचं, याचे तिच्याकडे उपाय होते, लिंबाचा दिवा वगैरे. आयोगाच्या नियमात असा उपाय आहे का, तिने विचारलं. नव्हता. उशिरा आलेल्यासाठी फेरपरीक्षा नाही, केंद्र बदलून मिळत नाही, शंभर रुपये शुल्क गेलं ते गेलं. “मग तुझा आयोग राहूपेक्षा कडक,” असा निकाल देऊन ती पूजेला बसली.

पुढच्या परीक्षेला आलोचराव आठला फाटकावर होते. प्रिंट दोन, पेन काळे तीन. केंद्र आदल्या संध्याकाळी जाऊन बघून आलेले. पण एकदा नियम कळलेला माणूस गप्प बसत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते अडवून विचारत होते, केंद्र क्रमांक तपासला का, फोन ठेवलास का, मुलांची शाळा की मुलींची? दोघांना त्यांनी वेळेत दुसऱ्या शाळेकडे पिटाळलं. एकाला प्रिंटचं दुकान दाखवलं. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. शेवटी आतला पोलीसच कडीवर हात ठेवून ओरडला, “रायर, उळ्ळे वांगो!”

“आलोच!” म्हणत ते आत शिरले, तेव्हा आठ एकोणसाठ झाले होते. कपाळाला आठ्या घालून पोलिसाने विचारलं, आठपासून उभे आहात, मग इतका वेळ बाहेर काय करत होतात? आलोचरावांनी हॉल तिकिटावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“नऊपर्यंत सवलत दिलीय. वापरायला नको?”