परिचयाची गरज

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत वक्ता दरवर्षी बदलतो, अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदलतात, सतरंज्यासुद्धा मध्ये एकदा बदलल्या. परिचय करून द्यायला मात्र गेली बावीस वर्षं अण्णाच उभे राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. जाकिटाच्या खिशात घडी घातलेला फुलस्केप कागद. माइकसमोर आले की आधी त्यावर दोन टिचक्या, मग एक खाकरणं, आणि मग ते वाक्य: "आजच्या वक्त्यांना खरं तर परिचयाची गरज नाही." यानंतर चौदा मिनिटं परिचय.

वाक्यामागे भावना आदराचीच असते, हे कबूल करायला हवं. अण्णांना म्हणायचं असतं की पाहुणे फार मोठे आहेत. पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते एवढंच, की कागद लिहिताना अण्णांना काही सुचलेलं नाही. शिवाय ज्याला पाहुणे ठाऊक नसतात त्याची पंचाईत होते. मागच्या रांगेत आजोबांबरोबर आलेली आठवीतली मुलगी असते. गरज तिलाच असते, आणि तिच्या तोंडावर आपण जाहीर करतो की गरज नाही.

चार वर्षांपूर्वी एक नामवंत नट आले होते. अण्णांनी टिचक्या मारल्या, खाकरले, वाक्य म्हटलं. पाहुणे लगेच उठले, "फार बरं केलंत" म्हणाले आणि सरळ माइकपाशी आले. सभागृह हसलं. अण्णा कागद हातात धरून खुर्चीत जाऊन बसले. तेरा मिनिटांचा मजकूर तसाच राहिला.

त्या रात्री त्यांनी ते वाक्य सोडलं. दारू सोडणाऱ्याचं होतं तेच पुढे झालं. जागा रिकामी राहवेना. पुढच्या वर्षी ते म्हणाले, "सूर्याचा परिचय काजव्याने काय करून द्यावा!" नंतर स्वतःच्या काजवेपणावर पाच मिनिटं बोलले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं की नाव शेवटी घ्यावं, म्हणजे उत्सुकता वाढते. झालं! "कोण बरं असतील हे? ओळखा पाहू!" मागे बारा फुटी फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो, खाली बोटभर जाडीच्या अक्षरांत नाव, आणि पाहुणे स्वतः तीन फुटांवर पाणी पीत बसलेले. नाव शेवटी घेणं चांगलंच आहे, पण त्याचं कोडं करायचं नसतं. शेवटचा शब्द नाव असला की लोकांना टाळी कुठे वाजवायची ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग.

यंदा दिवाळीत अण्णा कागद घेऊन घरी आले. "अरे, तू लेख-बिख लिहितोस. सुरुवात कशी करायची ते सांग."

"अण्णा, कोणत्याही मोठ्या माणसाचं नाव घ्या. आपण करून बघू."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "नारळीकर." जयंत नारळीकरांना आपल्या गावात आणायचं ही त्यांची जुनी इच्छा. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले आणि तो परिचय अण्णांच्या मनातच राहिला.

मी विचारलं, "समजा विषय आहे 'विज्ञान आणि गोष्ट'. काय म्हणाल?"

"जन्म कोल्हापूर, १९३८. शिक्षण बनारस आणि केंब्रिज. पद्मभूषण १९६५, पद्मविभूषण २००४. पुण्यात आयुकाची स्थापना..."

"हे सगळं निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं असेल. लोक ते वाचूनच आलेत. पत्रिकेत नसलेलं, पण आजच्या विषयाला धरून असलेलं एकच काहीतरी सांगा."

अण्णा पेन चावत बसले. शेवटी आम्ही दोघांनी मिळून लिहिलं ते असं:

"१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत एक कथा आली. नाव 'कृष्णविवर', लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप कोण, हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. त्या नावाची आद्याक्षरं उलटीकडून वाचली की होतात ज. वि. ना. लेखक तेव्हाही जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. बक्षीस आपल्या नावाला नको, कथेला मिळावं, म्हणून त्यांनी नाव झाकलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. विज्ञानाची गोष्ट कशी होते, हे आज त्यांच्याकडूनच ऐकूया. डॉ. जयंत विष्णू नारळीकर!"

अण्णांनी घड्याळ लावून वाचलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. "एवढंच? आणि पद्मविभूषण?"

"मोठा माणूस नाव लपवून रांगेत उभा राहिला, हे सांगितल्यावर पदव्या कशाला लागतात? आदर आपोआप येतो. त्या आठवीतल्या मुलीलाही कळतं आणि नारळीकरांची सगळी पुस्तकं वाचलेल्यालाही कंटाळा येत नाही."

"मग हाच प्रसंग कुठेही चालेल!" अण्णा खुलले.

इथेच त्यांना आवरावं लागलं. विषय 'विश्वाची उत्पत्ती' असता, तर जगताप तिथे उपरे ठरले असते. तिथे सुरुवात वेगळी हवी: विश्व महास्फोटातून जन्मलं असं पुस्तकात शिकवतात, फ्रेड हॉइल यांच्यासोबत काम करून ते मत आयुष्यभर न पटलेला शास्त्रज्ञ आज आपल्यासमोर आहे. माणूस तोच, पण दार दुसरं.

दुसरी अडचण अण्णांनीच काढली. "आणि हाच किस्सा ते स्वतः भाषणात सांगणार असतील तर?"

बावीस वर्षांत त्यांनी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. तसं झालं तर आपण पाहुण्यांच्या ताटातली जिलबी आधीच खाल्लेली असते, ते बिचारे "आत्ताच सांगितलं गेलं तसं..." म्हणत चाचपडतात. म्हणून आठवडाभर आधी एक फोन करायचा. "मी हा प्रसंग सांगणार आहे, चालेल ना?" एवढंच विचारायचं. त्याच फोनवर तपशील चुकला असेल तर दुरुस्त होतो, आडनावाचा उच्चार कळतो, आणि घरगुती गोष्ट असेल तर पाहुणे "ते नको" म्हणतात. नाही म्हणाले तर हट्ट करायचा नाही, दुसरा प्रसंग शोधायचा. प्रसिद्ध माणसाची थट्टा करायचा हक्क त्याच्या मित्रांचा असतो, परिचयकर्त्याचा नव्हे.

अण्णांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "यंदा एक वक्ता ऐनवेळी गळालाय. तू येशील का बोलायला?"

मी हो म्हटलं. आठवडाभर आधी त्यांचा फोनही आला. "तुझ्याबद्दल लोकांना ठाऊक नसलेलं एखादं सांग." मी म्हटलं, "अण्णा, माझ्याबद्दल लोकांना काहीच ठाऊक नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग "बरं, बघतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

व्याख्यानाच्या संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं होतं. अण्णा उठले. माइकवर दोन टिचक्या. एक खाकरणं. कागद खिशातच. माझ्याकडे वळून त्यांनी प्रेमाने पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "आजच्या वक्त्यांना परिचयाची नितांत गरज आहे!"

आणि मग, सतरा मिनिटं.