ताप उतरलेले शास्त्रीबुवा

आजारपणानंतर वह्या मागणारे दोन जातीचे. पहिला "अरे, नोट्स टाक ना" एवढंच लिहितो. त्याला मी अंगठ्यासकट अठरा फोटो धाडतो. तो ते उघडत नाही, मी विचारत नाही. दोघांचं छान जमतं.

दुसऱ्या जातीचे आमचे शास्त्रीबुवा. वय वर्षं एकोणीस, काशीत व्याकरण शिकायला आलेले, पाच दिवस तापाने आडवे. संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो, शेजारच्या दशाश्वमेधावर आरतीची तयारी चालली होती, तेवढ्यात त्यांचा निरोप आला:

"मंगळवार ते शनिवार बुडाले. लघुकौमुदीत अच्संधी चालू आहे. गुणसंधीपर्यंत माझ्याकडे आहे. वृद्धी आणि सवर्णदीर्घ पुस्तकातून वाचले, ते नको. पूर्वरूप आणि प्रगृह्य मात्र हवे, फळ्यावरच्या उदाहरणांसकट. ने + अन याचं नयन होतं, मग हरे + अव याचं हरयव न होता हरेऽव का, यावर गुरुजी काय म्हणाले ते नक्की लिही. 'हरी एतौ' मध्ये संधी का नाही, तेही. फोटो दिवसाउजेडी काढ. परवा सकाळपर्यंत चालेल."

याला वह्या मागणं म्हणत नाहीत, तोंडी परीक्षा म्हणतात. अंथरुणावरच्या माणसाला नेमकं काय बुडलं ते ठाऊक, आणि पाचही दिवस वर्गात बसलेल्या मला नाही!

वही उघडली. गुरुवारच्या पानावर हरेऽव होतं, खाली दोन रेघा आणि "महत्त्वाचे". त्याखाली "कारण :" आणि कारणाच्या जागी एक नाव. शिडाची. बरी जमली होती.

दुसऱ्या मित्राला फोन केला. "तुलाही आला का निरोप?" तो म्हणाला. त्याच्या वहीत तर "कारण" हा शब्दही नव्हता.

शेवटी सकाळी गुरुजींकडे. "गुरुवारी तू समोरच होतास ना?" एवढं विचारून त्यांनी पुन्हा सांगितलं. 'ने' हा धातूचा तुकडा, अजून शब्द पुरा व्हायचाय, म्हणून तिथे ए चा अय् होतो. 'हरे' हे पुरं झालेलं पद. पदाच्या शेवटच्या ए पुढे ऱ्हस्व अ आला, की ए त्याला गिळतो आणि मागे उरतो तो अवग्रह. आणि 'हरी' म्हणजे दोन हरी. द्विवचनातला असा ई प्रगृह्य, पुढे कुठलाही स्वर येवो, तो मिसळत नाही. "एकटा हरी जमवून घेतो," गुरुजी म्हणाले, "जोडी ऐकत नाही."

सगळं त्याच पानावर, नावेच्या चहूबाजूंनी कोंबून लिहिलं. उजेडात फोटो काढला. पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर : "मिळालं. शीड वाऱ्याच्या उलट दिशेला फुगलंय."