प्रभारी अभिनंदन

लोधीखेड्याच्या बाजारात आमच्या मास्तर मित्राच्या बढतीचा फ्लेक्स लागला आहे. शुभेच्छुकांचे अकरा फोटो आहेत. मास्तर कोपऱ्यात, शोधला की सापडतो.

बढती म्हणजे काय, तेही सांगतो. मध्य प्रदेशचे २००२चे पदोन्नती नियम २०१६ साली उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नियमित बढत्या अडकल्या. मग सरकारने वाट काढली : 'उच्च पद प्रभार'. काम वरचं, पगार जुनाच. मित्राला मिळाला तो हाच.

फ्लेक्सवाल्यांनी 'प्रभारी' शब्दच गाळला. पानठेल्यावर मात्र तेवढा एकच शब्द उरला : "प्रभारीच ना?" एकाने फुगवलं, दुसऱ्याने टाचणी लावली. पोटदुखी एकच. "नशीब काढलंस" म्हणणारे तर मित्राची वीस वर्षांची मेहनत अलगद नशिबाच्या खात्यात जमा करतात.

आमचं म्हणणं साधं आहे. जेवढं मिळालं तेवढंच, आणि कशासाठी ते सांगून, चारचौघांत म्हणावं : "भाऊ, तू प्रभारी झालास. संत्रा तोडणीच्या दिवसांत गैरहजर पोरांना बगीच्यातून शाळेत आणणारा तूच होतास. लय बरं वाटलं."

२०२३ला पांढुर्णा तहसिलीचा जिल्हा झाला. शेजाऱ्याच्या बढतीला टाळ्या वाजवायचा सराव आम्हा सौंसरवाल्यांना तेव्हापासूनच आहे. हात थोडे दुखले, पोट नाही.